माहितीपत्रकापासून माइकपर्यंत : कसबा पेठेतील एका परिचयाची घडण

समारंभात प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देणे हे काम स्वागत-प्रास्ताविक आणि सत्कार यांच्या मधल्या जागेत येते, आणि या जागेवरूनच त्याचे प्रयोजन ठरते. प्रास्ताविकात कार्यक्रम कशासाठी योजला आहे हे सांगितले जाते, सत्कारात शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह दिले जाते. ज्या व्यक्तीच्या खांद्यावर ती शाल पडणार आहे तिचा या कार्यक्रमाशी संबंध काय, आणि ती पुढे जे बोलणार आहे ते ऐकण्यासाठी श्रोत्यांनी कान कोठे लावावेत, हे परिचयाने सांगायचे असते. म्हणून परिचय सत्कारानंतर ठेवला की तो निरर्थक होतो, कारण टाळ्या आधीच वाजून गेलेल्या असतात, आणि प्रास्ताविकातच उरकला की पाहुणे आणि संस्थेचा अहवाल यांची सरमिसळ होते. परिचयकर्ता म्हणजे सूत्रसंचालक नव्हे, हेही येथेच नोंदवले पाहिजे. सूत्रसंचालक संपूर्ण कार्यक्रम पुढे नेतो, तर परिचयकर्त्याला तीन-चार मिनिटे मिळतात आणि त्यानंतर त्याने खुर्चीत जाऊन बसायचे असते.

पुण्याला व्याख्यान ऐकण्याची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला 1875पासूनची, आणि 1893पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप मिळाल्यावर मेळे, कीर्तने आणि व्याख्याने मांडवात आली. कसबा पेठ ही शहराच्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक, तिचा गणपती पुण्याचे ग्रामदैवत आणि मानाचा पहिला. त्यामुळे येथल्या मंडळांच्या कार्यक्रमांना पाहुणे येणे, त्यांच्या हस्ते आरती होणे, बक्षीस समारंभ होणे आणि या प्रत्येक वेळी कोणीतरी उठून त्यांची ओळख करून देणे हा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. या परिपाठावर अलीकडे एक कडक मर्यादा आली आहे. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, शासन जाहीर करील त्या मोजक्याच दिवशी ही मुदत बारापर्यंत वाढते. आरती उशिरा सुरू होते, देणगीदारांची नावे वाचायची असतात, आणि वेळ कमी पडू लागला की कार्यकर्त्यांची पहिली नजर परिचयावर जाते. परिचय लांबला तर तेवढी मिनिटे पाहुण्यांच्या भाषणातून कापली जातात, हा हिशेब मांडवात सगळ्यांना ठाऊक असतो, फक्त माइकसमोर उभ्या असलेल्याला त्या क्षणी तो आठवत नाही.

प्रस्तुत लेखकाने कसबा पेठेतील मंडळांच्या आणि वाचनालयांच्या व्यासपीठांवर हे काम दीर्घकाळ केले आहे, आणि पुढील विवेचन त्या अनुभवातील एका परिचयाभोवती मांडले आहे. प्रसंग एका मंडळाच्या कार्यक्रमाचा, विषय पेठेतल्या पारंपरिक कारागिरीचा, आणि पाहुणे तांबट आळीतील एक ज्येष्ठ कारागीर होते. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा. पेशवाईच्या काळापासून ही मंडळी पुण्यात स्थिरावली आणि त्यांच्या वस्तीलाच तांबट आळी हे नाव पडले. पाहुण्यांचे नाव येथे दिलेले नाही, कारण ते सार्वजनिक जीवनातले गृहस्थ नव्हते आणि व्यासपीठावरून बोलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती. आळीत त्यांना सगळे काका म्हणत, तेवढे या लेखापुरते पुरेसे आहे.

परिचयकर्त्याच्या हाती आले ते त्यांच्या पुतण्याने टंकलिखित करून आणलेले एक पान. त्यात जन्मस्थळ होते, वडिलांचे नाव होते, ‘शिक्षण : इयत्ता सातवी’ अशी एक ओळ होती, पिढीजात व्यवसाय होता, ‘विविध संस्थांतर्फे सत्कार’ असे एक मोघम वाक्य होते, आणि शेवटी ‘अत्यंत मनमिळाऊ, निर्व्यसनी व धार्मिक वृत्तीचे असून सामाजिक कार्यात नेहमी अग्रेसर असतात’ असा समारोप होता. या पानात खोटे काही नव्हते. पण ते मोठ्याने वाचले असते तर श्रोत्यांना काकांविषयी असे काहीही कळले नसते, जे त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरील देणगीदाराविषयी म्हणता आले नसते.

असे पान वाचून दाखवले की ते का पडते, याचे कारण लिहिणाऱ्याच्या भाषेत फारसे नसते; ते डोळा आणि कान यांच्या फरकात असते. लेखी चरित्र डोळ्यांसाठी रचलेले असते आणि डोळ्याला मागे जाता येते: सन विसरला तर वरची ओळ पुन्हा पाहता येते, नको तो मजकूर ओलांडता येतो. ऐकणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही. तो शब्द पडतील त्या क्रमाने घेतो, आणि पहिल्या चार वाक्यांत धरून ठेवण्याजोगे काही मिळाले नाही तर शेजाऱ्याशी बोलू लागतो. जन्म, शिक्षण, नोकरी, पदे, पुरस्कार हा कालक्रम लिहिताना सोयीचा असला तरी त्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुधा शेवटी येते, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा श्रोता उरलेला नसतो. शिवाय मराठी लेखी गद्यात ‘असून’, ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’ यांनी जोडलेली वाक्ये सहज लांबतात आणि क्रियापद शेवटी असल्यामुळे ऐकणाऱ्याला वाक्याचा अर्थ शेवटच्या शब्दापर्यंत अधांतरी धरून ठेवावा लागतो. पानावर हे खपते, मांडवात खपत नाही.

लेखी पान पातळ असेल तेव्हा परिचयकर्त्याला उठून पाहुण्यांकडे जावे लागते. प्रस्तुत लेखक कार्यक्रमाच्या काही दिवस आधी काकांच्या कारखान्यात जाऊन बसला. कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या भागातली एक खोली, जमिनीत रोवलेल्या लोखंडी ऐरणी, भिंतीला टेकवलेले गोल पत्रे आणि एका बाजूला भट्टी. अशा भेटीत ‘तुमच्या जीवनप्रवासाविषयी सांगा’ असे विचारण्याचा मोह टाळावा लागतो, कारण त्याचे उत्तर पुन्हा माहितीपत्रकासारखेच मिळते. जन्मापासून सुरुवात होते आणि देवाच्या कृपेने सर्व ठीक चालले आहे यावर शेवट होतो. हात चालू असताना हाताबद्दल विचारावे. काका त्या वेळी एका घंगाळावर मठारकाम करत होते. भांड्याला आकार आल्यावर त्याच्या सर्वांगावर हातोड्याचे बारीक, सारख्या अंतराचे ठोके ओळीने देत जाणे याला मठारणे म्हणतात. या ठोक्यांनी तांबे चकाकते हे तर दिसतेच, पण मूळ हेतू वेगळा असतो: ठोक्याखाली धातू दाबला जाऊन कडक होतो आणि पातळ पत्र्याचे भांडेही पोचे न पडता टिकते. आकार देतानाही तांबे असेच कडक होत जाते, आणि फार कडक झाले तर चिरते. म्हणून मधूनमधून ते भट्टीत लाल तापवून पुन्हा मऊ करून घ्यावे लागते.

“काका, एवढी सरळ ओळ कशी येते? खूण तर कुठे केलेली दिसत नाही,” असे विचारल्यावर काकांनी हात न थांबवता सांगितले, “हातोड्याकडे बघू नका, तो जागचा हलत नाही. भांडं फिरतंय. डाव्या हाताकडे बघा.” पाहिल्यावर ते तसेच होते. उजवा हात एकाच जागी, ऐरणीच्या त्याच बिंदूवर पडत होता, आणि प्रत्येक ठोक्यानंतर डावा हात घंगाळ जवाएवढे पुढे सरकवत होता. ओळ सरळ येत होती ती या सरकण्यातल्या सारखेपणामुळे. पुढे बोलता बोलता ते असेही म्हणाले की तांबे पुरेसे घट्ट झाले की ठोक्याचा आवाज बदलतो, बोदा असतो तो खणखणीत होतो, आणि त्यांना ते डोळ्यांआधी कानाला कळते. या दोन गोष्टी मिळाल्यावर परिचयाचा मजकूर हाती आला होता. पण त्या दोहोंपैकी एकच वापरायची, हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा ठरला.

परिचयकर्त्याच्या हातून होणारी सर्वांत नुकसानकारक गोष्ट ही की तो पाहुण्यांचे उत्तम ते स्वतःच सांगून टाकतो. कंटाळवाणा परिचय श्रोते विसरून जातात. पाहुण्यांची गोष्ट आधीच खर्चून टाकणारा रंगतदार परिचय मात्र पाहुण्यांना रिकाम्या हाताने उभे करतो, आणि मग ‘आत्ताच सांगितल्याप्रमाणे’ या शब्दांनी त्यांचे भाषण सुरू होते. हे शब्द ऐकू आले की परिचय बिघडला असे खुशाल समजावे. काकांना व्यासपीठाची सवय नव्हती, त्यामुळे त्यांना बोलायला सुरुवात कोठून करायची याचा एक धागा हातात देणे आवश्यक होते आणि तोच धागा आपण ओढून संपवणे अनिष्ट होते. म्हणून डाव्या हाताची गोष्ट परिचयात घेतली, आवाजाच्या गोष्टीचा नुसता उल्लेख केला आणि ती त्यांच्यासाठी ठेवली. तसे ठेवल्याचे त्यांना आधी सांगितलेही, कारण पाहुण्यांना अचानक कोड्यात टाकणे हा परिचयकर्त्याचा अधिकार नव्हे.

तयार झालेला मजकूर पुढीलप्रमाणे होता, आणि तो साधारण तसाच बोलला गेला.

“नमस्कार मंडळी. ज्यांच्या घरात तांब्याचा बंब अजून आहे, माळ्यावर का असेना, त्यांनी जरा हात वर करा बघू. … बरेच आहेत की! आता त्या बंबाचं अंग आठवा. बारीक बारीक चकाकत्या टिकल्या, ओळीनं. आपल्याला वाटतं ती नक्षी आहे. ती नक्षी नाही. एक टिकली म्हणजे हातोड्याचा एक ठोका. तांबट त्याला मठार म्हणतात. ठोका बसला की तांबं घट्ट होतं, म्हणून तुमच्या आजीचा बंब अजून पोचलेला नाही. सुंदर दिसतो, तो वरचा नफा.

“आजचे आपले पाहुणे हे ठोके देत आले आहेत, शाळा सुटली तेव्हापासून. शाळा सुटली सातवीत. हातोडा हातात आला, तो अजून सुटलेला नाही.

“त्यांना काम करताना कधी बघितलंत, तर हातोड्याकडे बघू नका. सगळे तिकडेच बघतात. हातोडा जागचा हलत नाही. फिरतं ते भांडं. ठोका देतो उजवा हात, पण ओळ सरळ ठेवतो तो डावा.

“स्टील आलं. गॅस आला, गीझर आला. बंब माळ्यावर गेला. आळीतले कितीतरी हातोडे थांबले. यांचा थांबला नाही. का थांबला नाही, आणि तांबं ‘आता पुरे’ म्हणतं ते कानाला कसं कळतं, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. आपल्या तांबट आळीतले ज्येष्ठ कारागीर, आपले काका…” आणि यानंतर त्यांचे पूर्ण नाव, सावकाश, आडनावावर आवाज न पाडता.

हा मजकूर दीडशेहून थोड्या अधिक शब्दांचा आहे. सभेत मराठी बोलताना मिनिटाला 110 ते 120 शब्दांपेक्षा वेग वाढला की मागच्या रांगांत शब्द एकमेकांत मिसळतात. त्या वेगाने आणि हात वर होण्यासाठी थांबलेली वेळ धरून तो दोन मिनिटांत संपतो. श्रोत्यांना हात वर करायला लावणे ही युक्ती फार वापरली गेल्याने आता सवंग झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. येथे ती घेतली, कारण विचारलेली वस्तू श्रोत्यांच्या घरात खरोखर होती आणि पाहुण्यांनी घडवलेल्या वस्तूंपैकीच ती एक होती. ‘कोणाकोणाला पुस्तके आवडतात’ अशा प्रश्नासाठी वर झालेले हात काहीच सिद्ध करत नाहीत. पानावरची ‘शिक्षण : इयत्ता सातवी’ ही ओळ मात्र जपून घ्यावी लागली. कागदावर ती उणीव दिसत होती, आणि ‘केवळ सातवीपर्यंतच शिक्षण होऊनही’ असे म्हटले असते तर कौतुकाच्या आडून कमीपणा आला असता. शाळा सुटणे आणि हातोडा न सुटणे ही दोन वाक्ये शेजारी ठेवल्यावर तीच माहिती काकांच्या बाजूने उभी राहिली.

गाळले काय, हेही पाहण्याजोगे आहे. मनमिळाऊ, निर्व्यसनी, धार्मिक ही विशेषणे गेली, कारण विशेषण ऐकणाऱ्याला फक्त सांगणाऱ्याचे मत कळवते, आणि निर्व्यसनी म्हटले की मांडवाच्या कडेला उभ्या तरुणांत हशा पिकतो तो वेगळाच. ‘विविध संस्थांतर्फे सत्कार’ हे वाक्य गेले, कारण संस्थांची नावे पुतण्यालाही सांगता आली नाहीत. आणि ‘यांचा परिचय करून देणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणे’ किंवा ‘ज्यांना परिचयाची गरज नाही असे’ या ठेवणीतल्या वाक्यांना तर सुरुवातीपासूनच जागा नव्हती. गरज नसेल तर माइक सोडावा, अशी प्रतिक्रिया कसब्यातील श्रोते मनात ठेवत नाहीत, मोठ्याने देतात.

परिचय लागू पडला की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही, कारण टाळ्या नावाला पडतातच. पाहुण्यांचे पहिले वाक्य ही खरी खूण. काका माइकशी आले, घसा खाकरला आणि म्हणाले, “डावा हात म्हणाले ते बरोबर, पण एकटा डावा हात काय करतोय? मांडी लागते. भांडं मोठं असलं की मांडीनं तोलायचं.” समोरची मुले हसली, काकांनी मांडी कशी लावायची ते उभ्यानेच दाखवले, आणि तेथून पुढे त्यांना कोणाच्या आधाराची गरज उरली नाही. आवाजाचा भाग आला तेव्हा त्यांनी बरोबर आणलेल्या दोन पत्र्यांवर, एका मऊ आणि एका मठारलेल्या, ठोका देऊन फरक ऐकवला. परिचयातील वाक्य पाहुण्यांनी उचलून त्यात भर घालावी किंवा त्याला प्रेमाने खोडून काढावे, इतपत ते अपुरे ठेवणे यात कसब आहे.

पातळ पानाच्या उलट अडचण जाड पानाची असते, आणि तिचा विचार करताना प्रस्तुत लेखक परिचय करून देण्याचा सराव करणाऱ्या तरुणांना डॉ. बानू कोयाजी यांचे चरित्र नेहमी देतो. डॉ. कोयाजी आता हयात नाहीत, 2004मध्ये त्यांचे निधन झाले. पण कसब्याजवळच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाशी पेठेतल्या बहुतेक घरांचा संबंध कधी ना कधी आलेला असल्यामुळे त्यांचे नाव येथे परके वाटत नाही. जन्म 1917, व्यवसाय स्त्रीरोगतज्ज्ञाचा, 1944पासून के. ई. एम.मध्ये काम आणि पुढे दीर्घकाळ त्या रुग्णालयाची धुरा, शिरूर तालुक्यातील वढू येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प, 1989मध्ये पद्मभूषण, 1993मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार. याशिवाय समित्या, संस्था आणि मंडळे वेगळीच. समजा त्या 1994 साली एखाद्या मांडवात महिलांच्या आरोग्याविषयी बोलायला येणार आहेत, तर काय सांगायचे?

सराव करणारे बहुतेक जण मॅगसेसेपासून सुरुवात करतात आणि तेथेच अडकतात, कारण एवढ्या उंचीवरून सुरुवात केल्यावर पुढचे प्रत्येक वाक्य खालीच उतरते. दुसऱ्या प्रयत्नात ते सगळे पुरस्कार एका श्वासात म्हणून टाकतात. यावर उपाय म्हणून एकच प्रश्न विचारायचा असतो: आज बाई कशावर बोलणार आहेत? उत्तर महिलांचे आरोग्य असेल, तर चरित्रातील वढूचा प्रकल्प मध्यभागी येतो आणि बाकीचे त्याच्या मागे उभे राहते. वढू म्हटले की पुणेकराला संभाजी महाराजांची समाधी आठवते, म्हणजे गाव ओळखीचे आहे. त्या गावाच्या पंचक्रोशीत डॉ. कोयाजींनी गावातल्याच बायकांना प्राथमिक आरोग्याचे शिक्षण देऊन कामाला लावले. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची प्रमुख असलेली ही स्त्री, रुग्णांनी आपल्याकडे यावे एवढ्यावर थांबली नाही आणि खेड्यात गेली, हे एक वाक्य श्रोत्याच्या लक्षात राहते, आणि त्याला जोडून ‘या कामाची दखल आशियातल्या एका मोठ्या पुरस्काराने घेतली, मॅगसेसे पुरस्काराने’ असे म्हटले की पुरस्कार कामाच्या मागून येतो, म्हणजे त्याच्या योग्य जागी येतो. पद्मभूषण या तीन मिनिटांत आला नाही तरी चालतो. 1917 हे जन्मवर्ष तर मुळीच लागत नाही. ऐकणारा सनावरून वय काढत बसतो आणि तेवढ्यात दोन वाक्ये निसटून जातात.

पद्म पुरस्कारांच्या बाबतीत मराठी व्यासपीठांवर एक चूक इतकी रूढ आहे की ती चूक वाटेनाशी झाली आहे. ‘पद्मभूषण डॉक्टर अमुक’ असे नावाआधी जोडून म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु हे सन्मान म्हणजे पदव्या नव्हेत आणि ते नावाच्या मागे किंवा पुढे लावता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995च्या निकालात स्पष्ट केले आहे. ‘पद्मभूषण सन्मान त्यांना मिळाला आहे’ असे स्वतंत्र वाक्य केले की नियमही पाळला जातो आणि वाक्यही ऐकायला सोपे होते. ‘डॉक्टर’ हा शब्द वैद्यकाचा की विद्यावाचस्पतीचा, हेही आधी विचारून घ्यावे, नाहीतर इतिहासाच्या संशोधकाला कार्यक्रमानंतर गुडघेदुखीवर औषध विचारणारे श्रोते भेटतात.

नावाच्या उच्चाराची खात्री फक्त त्या व्यक्तीकडूनच होते. माहितीपत्रक नातेवाइकाने, सचिवाने किंवा मागच्या एखाद्या कार्यक्रमाच्या आयोजकांनी केलेले असते, आणि त्यात ‘माजी’ झालेले पद ‘विद्यमान’ म्हणून राहिलेले असते. म्हणून व्यासपीठावर जाण्यापूर्वी, चहा चालू असताना, पाहुण्यांना दोनच गोष्टी विचाराव्यात: नाव कसे उच्चारू, आणि यातले काही सांगू नये असे आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा आश्चर्यकारक येते. एखाद्याला ज्या पदाचा राजीनामा द्यावा लागला त्याचा उल्लेख नको असतो, तर एखाद्या बाईंना दिवंगत पतीच्या ओळखीने सुरुवात केलेली आवडत नाही; कागदावर मात्र ती माहिती पहिल्या ओळीत असते.

बोलताना हातात काय असावे, याविषयी मतभेद आहेत. पूर्ण मजकूर हातात असला की डोळे कागदावर जातात आणि लिहिलेले पुन्हा लिहिल्यासारखेच बाहेर पडते. काहीच नसले की नाव विसरण्याची भीती वाटते, आणि ती भीती अनाठायी नसते. प्रस्तुत लेखकाचा कल पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाकडे आहे. त्यावर वर पाहुण्यांचे पूर्ण नाव ठळक अक्षरात, खाली दोन-चार शब्दांच्या खुणा (काकांच्या वेळी ‘बंब, सातवी, डावा हात, माळा’ एवढेच होते), आणि आकडे असतील तर ते ढोबळ करून लिहिलेले असावेत. पहिले आणि शेवटचे वाक्य मात्र पाठ असावे: पहिले, कारण त्या वेळी माइकची उंची जुळवण्यात लक्ष गेलेले असते, शेवटचे, कारण तेथे आवाज खाली न पाडता नाव उच्चारायचे असते, आणि आपण मराठी बोलणारे सवयीने वाक्याच्या शेवटी आवाज सोडून देतो. परिचय घरी मोठ्याने म्हणून पाहावा, आणि जेथे जीभ अडखळते तेथे दोष जिभेचा नसून वाक्याचा आहे असे धरून वाक्य तोडावे. ‘असून’ जेथे येईल तेथे पूर्णविराम द्यावा, हा या कामातला सर्वांत जुजबी आणि सर्वांत उपयोगी नियम आहे.

बोलताना नजर श्रोत्यांकडे ठेवून अधूनमधून पाहुण्यांकडेही टाकावी. पाहुणे मान खाली घालून हलकेच नकारार्थी हलवू लागले, की अतिशयोक्ती झाली आहे किंवा तपशील चुकला आहे. कार्यकर्ता शालीची घडी उलगडून उभा राहिला, की वेळ झाली आहे. आणि मागच्या रांगेतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला, की वेळ होऊन गेली आहे. अशा वेळी राहिलेला मजकूर भरभर म्हणण्यापेक्षा तो सोडून थेट पाठ केलेल्या शेवटच्या वाक्यावर यावे. काय गाळले हे कोणाच्या लक्षात येत नाही.

गाळलेल्या माहितीचे काय, हा प्रश्न पुतण्याने कार्यक्रमानंतर विचारलाच. त्याने मेहनतीने पान केले होते, त्यात काकांच्या वडिलांचे नाव होते, आणि ते व्यासपीठावरून उच्चारले गेले नाही याचे त्याला वाईट वाटले होते. ते पान टाकून द्यायचे नव्हते. त्यातील जन्म, वंश, शिक्षण आणि कामाची वर्षे हा मजकूर संदर्भ म्हणून जपण्याजोगा होता, आणि मंडळाची स्मरणिका, म्हणजे उत्सवानंतर निघणारा छापील अंक, ही त्याची जागा होती. तेथे वाचणारा मागे जाऊ शकतो, सन पाहू शकतो, नावे ताडून घेऊ शकतो. विशेषणे काढून, सत्कार करणाऱ्या संस्थांची नावे काकांकडूनच विचारून भरून आणि वडिलांच्या नावापुढे ते कोणती भांडी घडवत याची एक ओळ वाढवून ते पान त्या वर्षीच्या अंकात छापले गेले.